खोलीचे दार की दाराची खोली?

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चौथीच्या वर्गात ‘खोलीचे दार’ इंग्रजीत लिहायला सांगितलं की निम्मी मुलं ‘द रूम ऑफ द डोअर’ लिहितात. एका मुलीच्या आईने वही आणून विचारलं, “मॅडम, शब्द तर सगळे बरोबर आहेत, मग चूक कुठंय?”

शब्द बरोबरच आहेत, क्रम उलटा झालाय. मराठीत खोली आणि दार यांच्या मध्ये ‘चे’ येतो. मुलं त्याच जागी ‘ऑफ’ ठेवतात आणि अर्थ होतो दाराची खोली! ‘ऑफ’ वापरायचा तर मराठी शब्द मागून वाचायचे. आधी दार, मग चे, मग खोली: ‘द डोअर ऑफ द रूम’. पडताळा सोपा आहे. “बंद काय करायचंय?” असं विचारा. उत्तर ‘दार’ येतं, म्हणजे डोअर पुढे हवं.

अपॉस्ट्रॉफी एसमध्ये मात्र क्रम मराठीसारखाच राहतो. राणीचे पुस्तक, ‘रानीज बुक’. म्हणून मुलांना तो जवळचा वाटतो आणि ती ‘द रूम्स डोअर’ही लिहितात. याला लाल पेनने काट मारू नका. व्याकरणाने ते चूक नाही, फक्त रोजच्या बोलण्यात कमी ऐकू येतं. माणूस किंवा प्राणी असेल तर सहसा अपॉस्ट्रॉफी एस, निर्जीव वस्तू असेल तर सहसा ‘ऑफ’, एवढं प्राथमिकला पुरे. ‘टुडेज लेसन’सारखे काळाचे शब्द त्याला अपवाद आहेत, ते तसेच पाठ करून घ्यावेत.

आता ‘माझ्या भावाच्या खोलीचे दार’ घ्या. इथे दोन्ही लागतात. मागून सुरुवात: दार, डोअर. ते खोलीचं, म्हणून ‘ऑफ’. खोली भावाची, भाऊ माणूस, म्हणून ‘माय ब्रदर्स रूम’. जोडलं की ‘द डोअर ऑफ माय ब्रदर्स रूम’. फळ्यावर मी मराठी शब्दांखाली उजवीकडून बाण काढते, तेव्हा मुलांना पटकन दिसतं.

तिसरा मार्ग तर आपल्या रिक्षावाल्यांच्याही तोंडी आहे. पैठण गेट, दिल्ली गेट! ना ‘ऑफ’, ना एस, दोन नामं शेजारी ठेवली. तसंच ‘क्लासरूम डोअर’, ‘टेबल लेग’. इंग्रजी बोलताना वस्तूंसाठी हेच फार चालतं.

पण हे तिन्ही मार्ग कुठेही अदलाबदल करता येत नाहीत, बरं का. आपण ‘चहाचा कप’ म्हणतो तेव्हा तो भरलेला की रिकामा, हे बोलण्याच्या ओघात कळतं. इंग्रजीत ‘अ कप ऑफ टी’ म्हणजे कपभर चहा, आणि ‘अ टी कप’ म्हणजे नुसता कप, कपाटातला रिकामासुद्धा. घरी मुलांकडून दोन्हींची चित्रं काढून घ्या. एकात वाफ असेल.