छापून आलेली चूक

वैद्यकीय संशोधनाची आकडेमोड तपासणं हा माझा व्यवसाय. छापून आलेल्या शोधनिबंधात चूक दिसली की संपादकांना पत्र लिहायचं, हे त्याच्याच पोटातलं काम. सांगितलं कुणी नसतं, मोबदलाही नसतो. या पत्रांपैकी बरीचशी एकाच चुकीबद्दल असतात, म्हणून इथे तेवढ्या एकीबद्दलच लिहितो.

नाव-गाव काढून आणि आकडे सोपे करून एक नमुना घेऊ. मधुमेहाच्या पन्नास रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पंचवीस जणांना रोज मेथीची पूड, पंचवीस जणांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी तपासणी. मेथीच्या गटात ती सरासरी ०.५ने उतरली, पी-व्हॅल्यू ०.०२. दुसऱ्या गटात ०.३ने उतरली, पी-व्हॅल्यू ०.१५. पहिला आकडा ०.०५च्या खाली, दुसरा वर. निष्कर्ष छापला: मेथी गुणकारी.

वाचताना काही खटकत नाही, हीच यातली मेख. प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच आधीच्या साखरेशी केली आहे. दोन गट एकमेकांसमोर उभेच केलेले नाहीत. मग चिठ्ठ्या टाकून दुसरा गट केला कशाला? तपासणीच्या निमित्ताने माणूस पथ्य पाळतो, चालायला लागतो, मुळात चढलेली साखर आपोआपही थोडी खाली येते. हे सगळं दोन्ही गटांत घडतं. ते वजा करण्यासाठीच तर दुसरा गट असतो. ०.५ आणि ०.३ यांच्यातला ०.२चा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान आहे का, एवढाच प्रश्न होता आणि तोच विचारलेला नाही.

या चुकीवर अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ साली एक छोटा लेख लिहिला. ‘लक्षणीय’ आणि ‘लक्षणीय नाही’ यांच्यातला फरक स्वतः लक्षणीय असेलच असं नाही, हे त्याच्या शीर्षकातच सांगितलं होतं. २०११ मध्ये न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानाच्या पाच नामांकित नियतकालिकांतले ५१३ निबंध चाळले. अशी तुलना करण्याची वेळ १५७ निबंधांत आली होती. ७८ जणांनी ती बरोबर केली, ७९ जणांनी चुकवली. म्हणजे तज्ज्ञांतसुद्धा हा जवळजवळ नाणेफेकीचा मामला.

खटकलं म्हणून लगेच पत्र लिहायला बसत नाही. आधी लेखकांच्या बाजूने शोध घेतो. गटा-गटांची तुलना तक्त्याच्या तळटीपेत किंवा पुरवणीत दडलेली असते का? प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने दोन्ही पुडी दिल्या होत्या का? तसं असेल तर माझंच गणित लागू पडणार नाही. मग प्रयोगाची नोंद पाहतो. भारतातल्या प्रयोगांसाठी २००७पासून सीटीआरआय ही सार्वजनिक नोंदवही आहे. प्रयोग सुरू होण्याआधी कोणती तुलना मुख्य ठरवली होती, ते तिथे वाचता येतं.

मग गणित. माझ्याकडे मूळ माहिती नसते, छापलेला तक्ता असतो. पण बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पंचवीस जणांच्या गटात पी-व्हॅल्यू ०.०२ आली, याचा अर्थ मिळालेला बदल आपल्या स्टँडर्ड एररच्या सुमारे अडीच पट आहे. म्हणून ०.५ला अडीचने भागलं की ०.२ हा स्टँडर्ड एरर हाती लागतो. दुसऱ्या गटात ०.१५वरून पट येते दीड, ०.३ भागिले दीड, पुन्हा ०.२च. फरकाचा स्टँडर्ड एरर काढताना दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं: ०.२८. आता फरक आहे ०.२, म्हणजे आपल्या स्टँडर्ड एररपेक्षाही लहान. पी-व्हॅल्यू ०.४८च्या आसपास येते. ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर मेथीने ०.७७ची जादा घट दिली असेल किंवा उलट ०.३७चा तोटाही केला असेल. या माहितीवरून एवढंच म्हणता येतं.

हे उलटं गणित दरवेळी जमत नाही. तक्त्यात नुसतं ‘०.०५पेक्षा कमी’ लिहिलं असेल तर स्टँडर्ड एरर जास्तीत जास्त किती असेल तेवढं कळतं, ‘०.०५पेक्षा जास्त’वरून त्याची वरची मर्यादाही कळत नाही. अशा वेळी अंदाज लढवत नाही, पत्रात तुलना मागतो.

पहिलं पत्र लेखकांना. कधी उत्तर येतं, कधी तुलना केलेली असते आणि छापायची राहिलेली असते. मग दुरुस्तीची चिठ्ठी तेच पाठवतात. उत्तर नाही आलं तर संपादक. इथे घड्याळ आणि शब्द दोन्ही मोजलेले असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन १७५ शब्द देतं आणि निबंध छापल्यापासून तीन आठवडे. जामा ४०० शब्द आणि चार आठवडे. लेखकांच्या उत्तराची वाट पाहता पाहता मुदत टळू शकते, म्हणून संपादकांचं पत्र आधीच तयार ठेवतो.

इतक्या कमी शब्दांत एकच चूक मावते. नमुना लहान होता, आहाराची नोंद नव्हती, अशा चार तक्रारी जोडल्या की लेखक त्यातल्या सगळ्यांत सोप्या तक्रारीला उत्तर देऊन मोकळे होतात. माझ्या पत्राचा आशय साधारण असा असतो: ‘निष्कर्ष दोन्ही गटांच्या स्वतंत्र चाचण्यांवर उभा आहे. गटांची थेट तुलना निबंधात नाही. छापलेल्या आकड्यांवरून ती केल्यास फरक ०.२ आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.४८ येते. लेखकांनी मूळ माहितीवर ही तुलना करून प्रसिद्ध करावी आणि निष्कर्ष त्यानुसार बदलावा.’ हेतूबद्दल अक्षर नाही. ‘मेथी निरुपयोगी आहे’ असंही नाही, कारण ते माझ्या गणितातून निघत नाही. गुण सिद्ध झालेला नाही, एवढंच निघतं.

पुढे काय होईल याची हमी नाही. डेव्हिड अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी असा पत्रव्यवहार करून २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये अनुभव मांडला: निर्णयाला महिनोन् महिने लागले, आणि काही नियतकालिकांनी तर चूक दाखवणारं पत्र छापायला त्यांच्याकडेच पैसे मागितले. उलट उदाहरणही आहे. भूमध्यसागरी आहारावरचा प्रेडिमेड हा २०१३चा गाजलेला निबंध. एका घरातल्या सगळ्यांना एकाच गटात टाकण्यासारखे वाटपातले दोष उघड झाल्यावर लेखकांनी २०१८ मध्ये तो मागे घेतला, नवं विश्लेषण केलं आणि भाषा सौम्य करून पुन्हा छापला. दुरुस्ती अशी असावी.

दुरुस्ती छापली गेली नाही, तरी पत्र निबंधाला जोडून राहिलं तर पुढे दहा प्रयोग एकत्र करून आढावा घेणाऱ्याच्या ते हाती लागतं. तेव्हा ‘औषधाच्या गटात लक्षणीय सुधारणा, दुसऱ्या गटात नाही’ हे वाक्य दिसलं की दोन गटांची थेट तुलना करणारा आकडा शोधा. तो नसेल तर तक्ता पुढे ओढून स्वतः काढा, आणि मुदतीच्या आत पत्र पाठवा.