पाचवी ओळ, गुंठे आणि कलमं

माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याच्या हातात येतो तो बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स होऊन, नाहीतर मोबाइलवर काढलेला तिरका फोटो होऊन. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली तेव्हापासून बारा घटकांचा तो तक्ता रत्नागिरीकडच्या घराघरांत पोचला. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि खाली सूक्ष्म अन्नद्रव्यं. पावसाआधी खत आणायला निघालेल्या माणसाला मात्र एवढंच हवं असतं, की कुठल्या खाचराला किती गोणी आणि कुठल्या कलमाला किती किलो.

पत्रिका आणि खताची यादी, या दोन कागदांमधलं अंतर तोडणारा माणूस आधी स्कॅन सरळ करतो, मग आकडे उतरवतो. अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर वापरलं तर काम झपाट्यानं होतं, पण दशांश चिन्ह हरवतं. सामू 5.4 चा 54 झाला तर डोळ्याला लगेच खुपतो, आणि शीटमध्ये असं सूत्र टाकून ठेवलं तर तेही पकडतं:

```
=IF(AND(C2>=4,C2<=8.5),C2,"मूळ कागद पाहा")
```

धोका असतो स्फुरदाच्या पाचव्या ओळीत. तिथं 8.6 चा 86 झाला तर आकडा अशक्य वाटत नाही, फक्त अर्थ उलटा होतो. इथल्या जांभ्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे पिकाला मिळणारं स्फुरद अनेकदा कमीच निघतं. म्हणून ‘भरपूर’ आलं की जाणकार थबकतो. पत्रिकेत आकड्याशेजारी ‘कमी, मध्यम, भरपूर’ असा शेरा छापलेला असतो. तो वेगळ्या रकान्यात उतरवून आकड्याशी ताडून पाहिला की दशांशाची चूक सापडते. एखादा रकाना रिकामा असेल तर पुढचे आकडे एक घर वर सरकतात, आणि तेही याच शेऱ्यावरून कळतं.

आता हिशोब. समजा, वीस गुंठ्यांचं भाताचं खाचर आहे: नत्र मध्यम, स्फुरद कमी, पालाश भरपूर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची भाताला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी आहे. रूढ पद्धत अशी, की घटक कमी असेल तर शिफारशीत पाव भाग वाढवायचा, भरपूर असेल तर पाव भाग घटवायचा. म्हणजे १००, ६२.५ आणि ३७.५. वीस गुंठे म्हणजे जवळपास हेक्टरचा पाचवा हिस्सा, तेव्हा २०, १२.५ आणि ७.५ किलो.

पण दुकानात ‘स्फुरद’ मिळत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के असतं, म्हणजे ७८ किलो. युरिया साडेत्रेचाळीस किलो, पोटॅश साडेबारा. दशांशाची ती चूक राहून गेली असती तर सुपर फॉस्फेट ४७ किलोवर आलं असतं, आणि स्फुरदाची भूक असलेल्याच खाचराला कमी मिळालं असतं. सुपर मिळालं नाही आणि डीएपी घ्यावं लागलं, तर २७ किलोत स्फुरद भागतं आणि पाचेक किलो नत्रही येतं. तेव्हा युरिया ३३ किलोवर आणायचा. पर्यायी खताचा रकाना नसेल तर हे गणित दुकानाच्या काउंटरवरच करावं लागतं, आणि तिथं कोण वजाबाकी करतो!

आंब्याची ओळ निराळीच चालते. तिथं हेक्टर नाही, झाड. दहा वर्षांच्या हापूस कलमाला दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. लहान कलमाला वयाच्या प्रमाणात, दर वर्षी एक दशांश. तेव्हा शीटमध्ये ‘क्षेत्र’ नको, ‘वय’ आणि ‘झाडं’ हवीत. नत्राचं सूत्र असं, उत्तर ग्रॅममध्ये:

```
=MIN(D2,10)*150*E2
```

D2 वय, E2 झाडं. दहाच्या पुढे वाढ थांबते, नाहीतर चाळीस वर्षांच्या जुन्या कलमाला सहा किलो नत्र निघेल.

इथेच या कामाची खरी अडचण आहे. भाताच्या खाचराचा नमुना वरच्या वीतभर थरातला, कलमांची मुळं त्याहून खोल. पत्रिका खाचराची असेल तर तिच्यावरून बागेचं पालाश घटवण्यात अर्थ नाही. बागेची माती वेगळी घ्यायला हवी. म्हणून प्रत्येक ओळीत ‘कुठल्या नमुन्यावरून’ हा रकाना ठेवावा. गट नंबर तोच असतो, पण खाली खाचर आणि वर वरकस, दोन्हींचा सामू एक नसतो. बागेचा नमुना नसेल तर त्या ओळीत वाढ-घट न करता मूळ शिफारस ठेवावी आणि शेजारी ‘परीक्षण बाकी’ लिहावं.

शेवटी राहते वेळ. भाताचं स्फुरद आणि पालाश चिखलणीच्या वेळी एकदम, पण नत्र तीन हप्त्यांत: लावणीला, फुटव्यांच्या वेळी आणि लोंबीच्या सुरुवातीला. साडेत्रेचाळीस किलो युरियाची एकच ओळ दिली तर कोकणच्या पावसात पहिल्याच सरीला बरंचसं वाहून जातं. म्हणून शीटवर तीन ओळी आणि प्रत्येकीपुढे कामाचं नाव लिहिलेलं बरं, तारीख नको. तारीख पाऊस पाळत नाही.