ओल : एका हस्तलिखित कथेच्या निमित्ताने

मराठी कथा-कवितेत ओल ही बहुधा शुभ गोष्ट असते. मातीत ओल असते, नात्यांत ओलावा असतो, आठवणी ओल्या असतात; दोष मानला जातो तो कोरडेपणाचा. या संकेताची आम्हांला इतकी सवय झाली आहे, की ओलीलाच वैरी मानणारी एक कथा अलीकडे वाचनात आली तेव्हा आम्ही थोडे सावध होऊन बसलो. कथा हस्तलिखित आहे. लेखक आमचे माजी विद्यार्थी असून पेशाने साइट इंजिनियर आहेत. ‘यात साहित्य किती आणि कारखाना किती, ते सांगा,’ एवढीच त्यांची विचारणा होती. तिचे उत्तर शोधताना आम्हांला जे जाणवले, ते येथे मांडत आहोत.

कथानक लहान आहे. कोकणातील एका रासायनिक कारखान्यात ऐन जुलैत सहा इंची स्टीम लाईनवरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कोणाच्या तरी पायाखाली दबतो, त्याचा सांधा उघडतो आणि आतल्या रॉकवूलमध्ये आठवडाभर पाऊस शिरत राहतो. अठरा मीटर इन्सुलेशन भिजते. दोन वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या तरुण इंजिनियरचे मत असे, की पत्रा नीट बसवावा, सांधा सील करावा आणि दोन दिवस वाफ चालू ठेवावी. नळीच्या आत १५० अंशांच्या आसपास तापमान आहे. पाणी टिकेलच कसे? निवृत्तीला आलेले सुपरवायझर, ज्यांना सारी साइट ‘काका’ म्हणते, एवढेच म्हणतात, “साहेब, वाळवून भागणार नाही. बदलावंच लागेल.”

येथे लेखकाने एक चांगली गोष्ट केली आहे. तरुणाला त्यांनी मूर्ख ठरवलेले नाही. त्याचा युक्तिवाद वाचताना आम्हांलाही तो पटला होता. तापलेल्या तव्यावर पाणी राहत नाही, हे स्वयंपाकघरातले ज्ञान त्याच्या बाजूने उभे असते. म्हणूनच काकांचे उत्तर ऐकावेसे वाटते.

काका आधी बोलत नाहीत. ते एक मीटर लांबीचे भिजलेले रॉकवूल कापून काढायला लावतात आणि भंगार तोलायच्या काट्यावर ठेवतात. सहा इंची नळीभोवती पन्नास मिलिमीटर जाडीचे नवे रॉकवूल मीटरमागे साडेतीन किलोच्या घरात भरते. काटा दाखवतो बारा. म्हणजे मीटरमागे साडेआठ लिटर पाणी. अठरा मीटरला दीडशे लिटरांहून अधिक. “एवढं पाणी बाहेर जाणार कुठून, साहेब? सांधे तर तुम्ही सील करणार.”

यानंतरचा परिच्छेद आम्हांला कथेचा कणा वाटतो. नळीलगतचे पाणी वाफ होऊन बाहेरच्या दिशेने सरकते हे खरे; पण वाटेत पत्रा आहे आणि पावसाने तो थंड आहे. वाफ त्याच्या आतल्या अंगाला पुन्हा थेंब होते, ओघळून नळीच्या पोटाशी जमते आणि तिथून पुन्हा तापते. पाणी बाहेर जात नाही, आतल्या आत फेऱ्या मारत राहते. शिवाय ही लाईन अखंड चालत नाही. रात्री वाफ बंद होते, नळी निवते आणि पोटाशी साठलेले पाणी लोखंडाला येऊन टेकते. सतत कडकडीत तापलेली नळी एक वेळ बरी. तापते-निवते ती लवकर गंजते. त्यातच पाणी प्रत्येक फेरीत मागे काहीतरी ठेवून जाते. समुद्राकडच्या हवेतले आणि कारखान्याच्या धुरातले क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी आटते, क्षार आटत नाहीत. “पाणी उडून जातं,” काका म्हणतात, “पण मीठ कधी उडालेलं बघितलंय?”

आणि समजा, कसेबसे वाळलेच, तरी? काका वाळलेला एक जुना तुकडा तरुणाच्या हातात देतात. धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा गेलेला, वरची बाजू बसून चपटी झालेली, खालची लोंबलेली. इन्सुलेशन म्हणजे मुळात धाग्यांनी स्थिर धरून ठेवलेली हवा. ती हवा जिथे होती तिथे पाणी आले, की उष्णता वीसहून अधिक पटींनी सहज वाहू लागते. पाणी गेले, तरी धागे पूर्वीच्या जागी परतत नाहीत. रॉकवूलचा हा स्वभाव सगळ्याच इन्सुलेशनला लागू नाही. पाणी शोषून न घेणारी बंद छिद्रांची फेसकाचही असते, आणि तिचा हिशोब निराळा. काका हा फरक सांगतात आणि म्हणतात, “आपल्याकडे लोकर आहे. लोकरीचंच बोलू.”

कथेतला ताण याच्या पुढे आहे. याच लाईनचा पलीकडचा एक भाग पाच पावसाळ्यांपूर्वी असाच भिजला होता आणि तेव्हाच्या साहेबांनी तो वाफेवर ‘वाळवला’ होता. काका तेथील पत्रा उघडायला सांगतात. पत्रा बाहेरून लख्ख; आत नळीच्या पोटाशी गंजाची जाड पपडी. फिटर उत्साहाने पटाशी उचलतो, आणि आजवर आवाज न चढवलेले काका ओरडतात, “हात लावू नको!” लाईनमध्ये वाफ आहे. पपडीखाली लोखंड किती उरले आहे कोणास ठाऊक. कदाचित ती पपडीच वाफ अडवून उभी असेल. सगळे मागे होतात. रविवारी वाफ बंद करून, व्हॉल्व्हला कुलूप लावून, नळी निवल्यावर पपडी खरवडली जाते आणि जाडी मोजली जाते. नव्या नळीची भिंत ७.१ मिलिमीटरची होती. मीटरवर ४.३ उमटते. तरुण काही बोलत नाही. साइटच्या नोंदवहीत त्याने स्वतः लिहिलेल्या ‘वाळवणे’ या शब्दावर तो रेघ मारतो, ‘बदलणे’ लिहितो आणि बाजूला सही करतो. कथा संपते.

आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, की नळी फुटायला हवी होती. अपघाताविना शेवट फिका वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. नळी फुटती तर काकांचे म्हणणे अपघाताने सिद्ध झाले असते आणि वाचकाने ते भीतीपोटी मान्य केले असते. येथे ते काट्याने आणि मीटरने सिद्ध होते. तरुणाला पटते ते काकांच्या वयामुळे नव्हे; बारा किलो त्याने स्वतः उचलले म्हणून. अनुभवी माणसाचे ज्ञान नवख्याकडे कसे जाते, याविषयी आपल्याकडे पुष्कळ भावुक लेखन झाले आहे. ते ज्ञान तपासून घेता येते, हे दाखवणारे लेखन थोडे.

विद्यार्थ्यांनी आणखी एक पाहावे. ‘ओल’ या शब्दाचा रूपक म्हणून उपयोग करायच्या किमान चार संधी लेखकाला होत्या; त्यांनी एकही घेतलेली नाही. त्यांच्या कथेत ओल म्हणजे मीटरमागे साडेआठ लिटर पाणी. लख्ख पत्र्याखाली गंजणाऱ्या नळीवरून कोणाला एखादे कुटुंब आठवले, तर ते त्या वाचकाचे. लेखकाने नळीची गोष्ट नळीचीच राहू दिली, आणि म्हणून ती आमच्या मनात राहिली.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे कळवले आहे : यातला कारखाना काढून टाकला, तर साहित्यही उरणार नाही. कथा आहे तशीच छापायला द्यावी.