लसीच्या तापालाही तारीख असते



गेल्या वर्षी मी एक पत्र लिहिलं होतं, माझ्या भाच्याला आणि भाचेसुनेला. आमच्याच नाशिकमध्ये राहतात दोघं, फोन उचलला की बोलणं होतं. पण घाबरलेल्या माणसाला फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून लिहूनच दिलं. नंतर त्या पत्राच्या प्रती नात्यात चारपाच घरी गेल्या. तुमच्यापैकी काही जणींनीही मागितलं, म्हणून आज इथे देते.

झालं होतं असं. बाळाचा जन्म १२ जून २०२४, बुधवारचा. दवाखान्यातच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची लस झाली होती. पुढची लस सहा आठवड्यांनी, म्हणजे २४ जुलैला. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळाला दर्शनाला नेतात, ते झालं आणि लगेच लसीची तारीख आली. नेमकं त्याच आठवड्यात बाळाच्या डाव्या दंडावर, बीसीजीच्या जागी, फोड पिकला. आत पिवळा पू. वहिनींनी हळदीचा लेप लावला, भाचेसून रडायला लागली आणि भाच्याने ठरवून टाकलं, "आधीच्या सुईनेच असं झालं, आता आणखी तीन सुया नकोत. थांबू या."

"थांबू या" हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. १९८६ साली मी हेच केलं होतं. माझ्या मुलाला तेव्हाच्या ट्रिपलच्या पहिल्या इंजेक्शननंतर रात्रभर ताप आला, मांडीला गाठ आली. कुणी काही समजावलं नव्हतं. पुढचे दोन डोस मी दिलेच नाहीत. पाच महिन्यांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला. उबळ आली की चेहरा काळानिळा पडायचा, उबळीनंतर श्वास ओढताना घशातून कोंबड्यासारखा आवाज यायचा आणि शेवटी प्यायलेलं सगळं दूध बाहेर. दोन महिने मी त्याला उभा धरून झोपवलं. एका रात्रीच्या तापाला घाबरून मी ते दोन महिने ओढवून घेतले होते.

म्हणून मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडे जाऊन बसले, सगळं विचारून घेतलं, लिहिलं आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलं. पत्र असं:

चि. बाळाच्या आईबाबांस, अनेक आशीर्वाद.

दंडावरचा फोड बिघडलेला नाही, तो वेळेवर आला आहे. बीसीजी दिल्यावर दोनतीन आठवडे काहीच दिसत नाही. मग बारीक पुळी येते, ती वाढते, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिकून फुटते, थोडा पू येतो आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत सुकून वण राहतो. क्षयाविरुद्ध शरीर तयार होत असल्याची ती खूण आहे. हळद, मलम, पावडर काही लावू नका, दाबू नका. अंघोळ नेहमीसारखी घाला आणि हलकेच टिपून घ्या. काखेत गाठ येऊन ती वाढत गेली, किंवा तीन महिन्यांनंतरही जखम ओली राहिली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि एखाद्या बाळाला वण उठलाच नाही तरी बीसीजी पुन्हा देत नाहीत.

आता सहा आठवड्यांची लस. तीन सुया आणि दोन तोंडाने. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट, त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाच आजारांवरची लस एकत्र असते. उजव्या मांडीत न्यूमोकोकलची, उजव्या दंडात पोलिओची छोटी सुई. तोंडाने पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस लस. कुठली सुई कुठे द्यायची हे ठरलेलं असतं, म्हणून नंतर कुठे सूज आली तर ती कुठल्या लसीची, हे कळतं.

बहुतेक वेळा त्रास देते ती डाव्या मांडीतली. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री अंग तापतं, मांडी लाल होते, दुखते, बाळ किरकिरतं किंवा जास्त झोपतं. एक-दोन दिवसांत हे उतरतं. सुईच्या जागी वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ काही आठवडे राहू शकते, ती आपोआप विरते. चोळू नका, गरम शेक देऊ नका. फडकं थंड पाण्यात भिजवून, पिळून मांडीवर ठेवा. अंगावर पाजत राहा, कपडे हलके घाला.

तापाच्या औषधाबद्दल एक गोष्ट नीट वाचा. पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी दोन प्रकारांत मिळतं, थेंबांची छोटी बाटली आणि सिरप. तुमच्याकडच्या थेंबांच्या बाटलीवर एका मिलीत १०० मिलिग्रॅम लिहिलं आहे, सिरपवर पाच मिलीत १२०. म्हणजे थेंब सिरपपेक्षा चौपट कडक. बाळाचं वजन साडेचार किलो. डॉक्टर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे एका वेळी ४५ ते ६७. डॉक्टरांनी ५० लिहून दिलं आहे. ते थेंबांचं अर्धा मिली होतं आणि सिरपचं दोन मिली. कुणी "दोन मिली द्या" म्हणालं आणि तुम्ही थेंबांच्या बाटलीतून दोन मिली भरलं, तर चौपट औषध जाईल. म्हणून घरात एकच बाटली ठेवा आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवा, "अर्धा मिली". सुई टोचायच्या आधी देऊ नका, ताप आला तरच द्या. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा. पुढच्या वेळी वजन वाढलेलं असेल, तेव्हा मात्रा पुन्हा विचारा.

घरी बसून वाट पाहायची नाही, अशाही काही गोष्टी आहेत. ताप १०२ च्या वर गेला किंवा दोन दिवसांनंतरही राहिला, बाळ तीन तास सलग रडतं आहे आणि कशानेच शांत होत नाही, दूध ओढत नाही, अंग सैल पडलं आहे, झटका आला, किंवा पुढच्या आठवड्याभरात उलट्या होऊन शौचात रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. रात्र असली तरी. अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं अशी तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवतात. तो अर्धा तास चुकवून निघू नका.

उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. तुमचा आठवडा गेला आहे, तर ३१ जुलैला जा. पुढचा डोस निदान चार आठवड्यांनी, म्हणजे २८ ऑगस्टला, त्यापुढचा २५ सप्टेंबरला. चार आठवड्यांच्या आधी मात्र घेऊ नका, शरीराला तेवढा अवधी लागतो.

नवव्या महिन्यात, १२ मार्चच्या सुमारास, गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडात. तिच्यासोबत न्यूमोकोकल आणि पोलिओचीही एकेक सुई असते. गोवरच्या लसीची तऱ्हा वेगळी. तिचा ताप त्याच रात्री येत नाही, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी अंगावर बारीक पुरळही. तोवर आपण लस विसरलेले असतो आणि "हे काय नवीन" म्हणून घाबरतो. लसीतला अगदी दुबळा केलेला जंतू अंगात थोडा वाढतो, त्याला एवढे दिवस लागतात. दोनतीन दिवसांत जातो आणि त्याची दुसऱ्यांना लागण होत नाही. ही लस पुढे ढकलू नका. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला आणि आपल्या जिल्ह्यात मालेगावला गोवर पसरला होता, हे विसरायला फार दिवस झालेले नाहीत. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत, डीपीटीच्या बूस्टरसोबत.

कार्ड जपून ठेवा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्रत्येक वेळी केंद्रातून निघण्याआधी चार गोष्टी विचारा: आज काय दिलं, त्याने कोणता आजार टळतो, काय त्रास होऊ शकतो आणि पुन्हा कधी यायचं. नर्सताईंनी हे सांगायचंच असतं, पण गर्दीत राहिलं तर आपण विचारावं.

तुमची, आत्या.

पत्र एवढंच. मी बी. कॉम. झालेली बाई, मला तारखांचा हिशेब जमतो. नर्सताईंजवळ बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की लसींचं जसं वेळापत्रक असतं तसं त्यांच्या त्रासाचंही असतं. पेंटाचा त्रास त्याच रात्रीचा, गोवरच्या लसीचा दुसऱ्या आठवड्यातला, बीसीजीचा सहाव्या आठवड्यातला. त्रास आपल्या तारखेला आला, सौम्य असला आणि वेळेत गेला, तर नोंद करायची आणि बाळाला पाजत बसायचं. तारीख सोडून आला, किंवा आला तो जाईना, तर तो लसीचा आहे असं स्वतःच ठरवून गप्प बसायचं नाही, कारण लसीच्या सुमारास बाळाला दुसरा आजारही होऊ शकतो.

३१ जुलैला मी त्यांच्यासोबत गेले. अर्धा तास बाकावर बसलो. रात्री बाळाला १०१ ताप आला, अर्धा मिली औषध दिलं, पहाटे अंग गार झालं. दंडावरचा फोड ऑगस्टअखेरीस सुकला. वहिनींनी हळदीची वाटी स्वतःच उचलून ठेवली.

मार्चमध्ये गोवरची लस १२ तारखेलाच झाली. त्यानंतर मला कुणाचा फोन आला नाही. २० तारखेला सकाळी भाचेसुनेचा संदेश आला, "आत्या, काल रात्रीपासून ताप आहे, छातीवर थोडं पुरळ आहे, दूध पितोय. आज आठवा दिवस. औषध वजनावरून डॉक्टरांना विचारून दिलंय."

खाली माझ्या मुलाने उत्तर टाकलं होतं. त्याला लहानपणीचं काही आठवत नाही, पण गोष्ट शंभर वेळा ऐकलेली. त्याने लिहिलं, "आईला आता काही काम उरलं नाही."