ऑडिटरच्या हाती किल्ली

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या नातवाने दुकानातील उधारीची नोंद ठेवणारे आपले पहिले अ‍ॅप तयार केले. गुगल प्लेवर नव्या वैयक्तिक खातेदाराला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. काका, आत्या, मुनीमजी अशी माणसे जमवून त्याने ती पूर्ण केली.

अ‍ॅप तपासणीस गेले, तेव्हा परीक्षेला आठ दिवस उरले होते. समोर पुस्तक उघडे, पण डोळे मोबाईलवरील ‘In review’ या शब्दांवर. चौथ्या दिवशी नकार आला. तपासनिसाला अ‍ॅपमध्ये प्रवेशच करता आला नव्हता, कारण ओटीपी केवळ नोंदलेल्या ग्राहकाच्याच मोबाईलवर जात होता.

मी म्हणालो, “अरे, ऑडिटरला बोलावलेस आणि तिजोरीची किल्ली दिलीच नाहीस!”

त्याने चाचणीपुरता एक क्रमांक आणि कधीही न बदलणारा सांकेतिक अंक ठरवला, काही काल्पनिक गिऱ्हाइकांची खाती भरली, आणि हा तपशील ‘App access’ या रकान्यात लिहून अ‍ॅप पुन्हा पाठवले. आता आणखी सात दिवस, कदाचित अधिकही लागणार होते. त्याने मोबाईल आजीच्या स्वाधीन केला.

मंजुरी आली, तेव्हा तो कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर लिहीत होता. ती प्रथम वाचली आजीने.