पत्रास कारण की

जुन्या मराठी पत्रात मायन्याला फार मान असे. तीर्थस्वरूपांना साष्टांग नमस्कार होत, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद मागितले जात, घरची खुशाली कळविली जाई आणि मग कुठे 'पत्रास कारण की' या शब्दांशी गाडी येऊन थांबे. पत्र एकाच माणसाला असे, त्यामुळे या थाटाने कुणाचे बिघडत नसे. वाचणारा ओसरीवर बसून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

आता एकच पत्र छप्पन्न घरांना ई-मेलने जाते. त्यातल्या सातच घरांना काही करायचे असते आणि बाकीच्या एकोणपन्नासांनी नुसते ऐकून ठेवायचे असते. अशा पत्राला जुना मायना चालत नाही, हे मला आमच्या सोसायटीतल्या एका पाण्याच्या पाइपाने शिकविले.

आमच्या दोन विंग. प्रत्येकीत सात मजले, मजल्यावर चार घरे. ब विंगमधल्या तीन नंबरच्या घरांना, म्हणजे १०३, २०३ अशी वर ७०३ पर्यंत, स्वयंपाकघराचे पाणी एकाच उभ्या लाइनीतून येते. २०२५ च्या पावसाळ्यात ती लाइन गंजून गळू लागली. ती प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खाली उतरते, त्यामुळे सातातले एक घर जरी बंद असले तरी मधला तुकडा बदलता येत नाही आणि सगळे काम अडते.

सेक्रेटरींनी सर्वांना ई-मेल केला. विषय होता : 'महत्त्वाचे – पाणीपुरवठ्यासंबंधी'. आत प्रथम सर्व सन्माननीय सभासदांस सप्रेम नमस्कार, मग गळतीचा इतिहास, मग समितीच्या बैठकीचा वृत्तान्त. आणि अगदी तळाशी, 'तरी संबंधित सदनिकाधारकांनी उद्या घरी उपस्थित राहून सहकार्य करावे.'

दुसऱ्या दिवशी प्लंबर दोन माणसे घेऊन आला. सातांपैकी तीन घरांना कुलूप! उलट अ विंगमध्ये, जिथे एक थेंबही कमी होणार नव्हता, लोकांनी पहाटे उठून बादल्या, पातेली, कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवले होते. सेक्रेटरींचा फोन सकाळपासून वाजत होता. प्लंबरने अर्धा दिवस जिन्यावर विडी ओढली, दिवसाची मजुरी घेतली आणि तो निघून गेला. पाचशे तीनमध्ये एक आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या सुनेला आणखी आठवडाभर खालून कळशा वाहाव्या लागणार होत्या.

कुलपे लावणारी तिन्ही माणसे सज्जन होती. त्यांनी फोनच्या पडद्यावर विषयाची ओळ पाहिली. तीत आपले नाव नाही, गाव नाही. विषयाखाली पत्राचे पहिले काही शब्द फिकट दिसतात. तिथे सप्रेम नमस्कार होता. त्यांनी पत्र रात्रीसाठी ठेवले. रात्री उघडले तेव्हा 'उद्या' म्हणजे कोणता दिवस हा प्रश्न, आणि 'संबंधित' या शब्दाची तर गंमत अशी की तो वाचून प्रत्येकाला शेजारी आठवतो. भित्र्या माणसाला मात्र आपण सगळ्याच गोष्टींशी संबंधित आहोत असे वाटते. अ विंगमधल्या बादल्या त्यानेच भरल्या.

"तुम्ही मासिकांत लिहिता ना? मग लिहा हे पत्र!" असे म्हणून सेक्रेटरी माझ्याकडे आले. थोडेसे रागातच आले. मी म्हटले, "पाहू या." पहिली ओळ त्यांनीच सुचविली : 'ब-१०३ ते ब-७०३'. मी ब-२०२ मध्ये राहतो. मी विचारले, "साहेब, मी एकशे तीन आणि सातशे तीन यांच्या मधे येतो. मग मी आत की बाहेर?" ते हसले आणि आम्ही 'ते' हा शब्द खोडला. अशा पत्रात 'ते' हा मोठा फसवा शब्द आहे.

शेवटी विषय असा ठरला :

'ब विंग, ३ नंबरची ७ घरे : मंगळ १९ ऑगस्ट, १० ते १ घर उघडे हवे'

आधी कोण, मग केव्हा आणि काय. फोनवर ओळीचा शेवट कापला जातो, म्हणून 'कोण' पुढे हवे. शेपूट तुटली तरी ज्याचे त्याला कळते आणि तो पत्र उघडतो. 'महत्त्वाचे' आणि 'तातडीचे' हे शब्द आम्ही गाळले. दर पत्रावर तेच लिहिल्याने ते गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे झाले होते.

आतली सुरुवात अशी :

'ब विंगमधील १०३, २०३, ३०३, ४०३, ५०३, ६०३ आणि ७०३ या सात घरांत मंगळवार, १९ ऑगस्ट रोजी सकाळी १० ते दुपारी १ कोणीतरी हजर असावे. स्वयंपाकघरातला पाइप बदलायचा आहे. जमत नसेल तर रविवार, १७ तारखेपर्यंत या पत्राला उत्तर द्यावे. घर भाड्याने दिले असल्यास भाडेकरूला आजच कळवावे. बाकीच्या ४९ घरांना काहीही करायचे नाही. त्यांचे पाणी चालू राहील.'

नमस्कार, गळतीचा इतिहास आणि समितीचा ठराव यांना आम्ही याच्या खाली जागा दिली. भाडेकरूचे वाक्य सेक्रेटरींचे. यादीतले पत्ते मालकांचे असतात, आणि मालक ठाण्याला राहून पत्र वाचतो तेव्हा पाइप मात्र भाडेकरूच्या ओट्यावर गळत असतो, हे त्यांच्याच ध्यानात आले.

शेवटच्या वाक्याबद्दल मात्र त्यांनी वाद घातला. "काही करायचे नाही हे कशाला सांगायचे?" मी म्हटले, "बादल्यांसाठी." ज्याला काम नाही त्याला तसे स्पष्ट सांगितले नाही, तर तो एक तर फोन करतो, नाहीतर पुढचे पत्र उघडत नाही. आणि पुढच्या पत्रात कदाचित त्याचेच काम असते.

"मग त्या सातांनाच का लिहू नये?" हाही प्रश्न निघाला. पुष्कळदा तेच बरे. एकदोन घरांचे काम असेल तर छप्पन्नांना जागे करू नये. इथे मात्र शेजाऱ्यांकडे किल्ल्या असतात, म्हणून सर्वांना कळणे उपयोगाचे होते. थकबाकीदारांची यादी मात्र अशी सर्वांपुढे कधीच लिहू नये. तिथे ज्याचे त्याला वेगळे पत्र. आणि 'ज्यांनी नामनिर्देशनाचा अर्ज दिला नसेल त्यांनी द्यावा' असेही लिहून भागत नाही, कारण आपण तो दिला की नाही हे कुणालाच आठवत नसते. ते सोसायटीच्या दप्तरात पाहून, घरांचे नंबर काढून, मगच पत्राला हात घालावा. आळस लिहिणाऱ्याने केला की त्याचा भुर्दंड छप्पन्न घरांना पडतो.

रविवारपर्यंत दोन उत्तरे आली. एकाने किल्ली समोरच्यांकडे ठेवली, दुसऱ्याच्या भाडेकरूने रजा घेतली. मंगळवारी सातही दारे उघडी होती आणि एकच्या सुमारास पाचशे तीनच्या नळाला पाणी आले. अ विंगमधून एकही फोन आला नाही.

तेव्हापासून सोसायटीचे पत्र सुटण्यापूर्वी सेक्रेटरी मला ते दाखवितात आणि मी ते तीनदा वाचतो. पहिल्यांदा ज्याला काम आहे त्याच्या डोळ्यांनी, दुसऱ्यांदा ज्याला नाही त्याच्या, आणि तिसऱ्यांदा दोनशे दोनमध्ये राहणाऱ्या, आपण आत की बाहेर या शंकेने पछाडलेल्या माणसाच्या. या तिसऱ्याची शंका पहिल्या दोन ओळींत फिटली, तर पत्र खुशाल जाऊ द्यावे.