लहान करायचं तर मुळावरून



मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळाच्या मुक्तागिरी यात्रेची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी हौसेने ६०० शब्द लिहिले. स्मरणिकेत जागा कमी, म्हणून त्याचे २०० केले. मग मोबाइलवर पाठवायला ४० शब्द हवे झाले. २०० शब्दांचा कागद समोरच होता, त्यालाच कात्री लावली.

यात्रेच्या दिवशी कारंज्याहून माझ्या नणंदबाई आल्या. पायथ्याशी उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "वहिनी, पायऱ्यांचं काही लिहिलं नव्हतंस गं!" त्यांचे गुडघे दुखतात. त्या खालीच बसून राहिल्या. मला फार लागलं.

घरी येऊन तिन्ही कागद शेजारी ठेवले. ६०० शब्दांत अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी उन्हाआधी चढावं, हे होतं. स्मरणिका वाचणारीला ५२ मंदिरांची माहिती हवी, म्हणून २०० शब्दांत मी पायऱ्या गाळल्या. ते तिथे बरोबरच होतं. पण निरोप वाचणारीला आधी पायऱ्याच कळायला हव्या होत्या, आणि त्या २०० शब्दांच्या कागदावर नव्हत्याच. नाही ते निवडणार कुठून?

दुसरी चूक हळूहळू शिरली होती. मुळात होतं, "परतवाड्याजवळ, पण मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात." मग झालं "परतवाड्याजवळ". निरोपात मीच लिहिलं, "अमरावती जिल्ह्यातील मुक्तागिरी". तसंच साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले "अशी आपली परंपरा सांगते", यातलं परंपरेचं नाव वाटेतच गळलं.

मी कॉमर्सची. आम्हाला हिशेबात हेच शिकवलं होतं. २.४६ आधी २.५ केले आणि मग पूर्णांकात आणले, तर ३ होतात. मूळ आकड्यावरून थेट केले, तर २. प्रत्येक पायरी बरोबर, तरी शेवट चुकतो.

आता मी मूळ लेख जपून ठेवते. लहान मजकूर हवा असला की आधी ठरवते, हे वाचून बाई काय करणार? मग मूळ लेखातल्या तिच्या कामाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि तेवढ्यावरूनच नवं लिहिते. शेवटी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून मुळाशी ताडून बघते. मधल्या कागदावर एखादी चूक सुधारली असेल, तर ती आधी मुळात उतरवते. नाहीतर पुढच्या वेळी तीच चूक परत येते.

वेळ थोडा जास्त लागतो. यंदाच्या निरोपाचं पहिलंच वाक्य पायऱ्यांचं आहे.